आजचे थोडे की उद्याचे जास्त? सुगीचा पैसा आणि वर्तमानाकडे झुकणारे मन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन घरात येते दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि पुढच्या पेरणीचा खर्च उभा राहतो मृग नक्षत्राच्या तोंडावर. या सात-आठ महिन्यांत पैशाचे काय होते, हे विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अर्थशास्त्रात ज्याला ‘प्रेझेंट बायस’ म्हणतात, त्या वर्तमानझुकावाचा या काळाशी नेमका काय संबंध आहे आणि कोणत्या गोष्टी त्याच्या माथी उगाच मारल्या जातात, याविषयी शेतकरी, बचत गटातील महिला आणि कृषी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

वर्तमानझुकाव म्हणजे नेमके काय?

पुढे मिळणाऱ्या मोठ्या लाभापेक्षा आज मिळणारा लहान लाभ निवडणे, एवढीच व्याख्या बहुतेक ठिकाणी सांगितली जाते आणि ती अपुरी आहे. खरी खूण निवडीत नसून निवड उलटण्यात आहे. दोन्ही लाभ दूर असताना माणूस मोठ्या लाभासाठी थांबायला तयार असतो, पण लहान लाभ अगदी हाताशी आला की तोच माणूस, मधल्या काळात परिस्थितीत काहीही बदल झालेला नसताना, आपला निर्णय फिरवतो. श्रावणात पारावर बसून “यंदा माल घाईनं काढायचा नाही” असे मनापासून म्हणणारा शेतकरी आश्विनात व्यापाऱ्याची गाडी दारात उभी राहिली की सगळी पोती काट्यावर चढवतो. त्याच्या श्रावणातल्या बोलण्यात लबाडी नव्हती आणि आश्विनातला निर्णयही त्याने कोणाच्या दबावाखाली घेतलेला नसेल, तर या दोहोंमधली जी फट आहे तिला वर्तमानझुकाव म्हणावे.

लवकर मिळालेला पैसा बरा, हे साधे शहाणपण नाही का? हातचे सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचे?

लवकर मिळालेल्या पैशाला जास्त किंमत देणे यात काहीच चूक नाही. पैसा आज मिळाला तर कर्ज फेडता येते, व्याज वाचते, आणि पुढचा भरवसा कोणी द्यावा? अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात ही गोष्ट गृहीतच धरलेली होती: भविष्यातील प्रत्येक लाभाची किंमत ठरावीक दराने घटत जाते. मात्र दर सर्व काळासाठी सारखा असेल तर निर्णय उलटत नाही. ज्याला आजपासून तीन आठवडे थांबणे परवडत नाही, त्याला वर्षभरानंतरचे तीन आठवडेही परवडू नयेत. असा माणूस उतावळा असेल, पण तो स्वतःशी सुसंगत आहे, आणि श्रावणात विचारले असते तरी त्याने “माल निघाल्या दिवशी विकणार” हेच उत्तर दिले असते. त्याच्यावर वर्तमानझुकावाचा शिक्का मारता येत नाही. म्हणीतले शहाणपण त्याच्या बाजूने आहे. प्रश्न निर्माण होतो तो ज्याचे उत्तर तारखेनुसार बदलते त्याच्या बाबतीत.

निवड का उलटते, हे आकड्यांत कसे दाखवतात?

यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे प्रतिमान डेव्हिड लेबसन यांनी १९९७ मध्ये बचतीच्या प्रश्नाला लावले. त्याचा गाभा सोपा आहे. मन काळाचे दोनच कप्पे करते, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’, आणि ‘नंतर’च्या कप्प्यात पडणाऱ्या प्रत्येक रुपयाची किंमत एकदाच, पण चांगलीच कापते. समजा एखाद्याचे मन नंतरच्या रुपयाला ७० पैसे भाव देते. त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत: माल निघाल्या दिवशी क्विंटलला ४,२०० रुपये किंवा त्यानंतर तीन आठवड्यांनी ५,००० रुपये.

श्रावणात दोन्ही रकमा ‘नंतर’ या कप्प्यातच असतात, म्हणून दोन्हींवर सारखीच कात्री चालते. ४,२०० चे मनातले मोल २,९४० होते आणि ५,००० चे ३,५००. थांबणे उघडच सरस ठरते. माल निघाल्या दिवशी मात्र ४,२०० रुपये ‘आत्ता’च्या कप्प्यात येतात आणि त्यांच्यावरची कात्री उठते, तर ५,००० अजूनही ३,५०० च्याच मोलाचे राहतात. आता ४,२०० समोर ३,५०० उभे आहेत. भाव तेच, अंतर तेवढेच, माणूसही तोच, तरी उत्तर बदलले. येथे ७० पैसे हा आकडा केवळ समजण्यासाठी घेतला आहे. प्रत्येक माणसाची आणि प्रत्येक गोष्टीची कात्री वेगळी असते.

मग सुगीत माल विकून टाकणारा प्रत्येक शेतकरी वर्तमानझुकावाला बळी पडतो, असे म्हणायचे का?

नाही, आणि हा निष्कर्ष इतक्या सहजपणे काढला जातो की त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातला हिशेब गावातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकऱ्याकडे पाच एकर कोरडवाहू जमीन आहे आणि मळणीयंत्रातून २० क्विंटल सोयाबीन निघाले आहे. खेडा खरेदी करणारा व्यापारी अंगणात काटा मांडून क्विंटलला ४,२०० रुपये नगदी द्यायला तयार आहे. पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेणार, एखादा दाताखाली फोडून “ओल आहे” म्हणणार, किलो-दोन किलो कडता कापणार आणि नोटा मोजून देणार, असा सारा व्यवहार तासाभरात आटोपतो. दुसरीकडे २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. त्यासाठी नोंदणी करावी लागते, माल १२ टक्के ओलाव्याच्या आत वाळवावा लागतो, चाळणी लागते, गाडीभाडे आणि हमाली द्यावी लागते, आणि चुकारा बँकेत जमा होईपर्यंत थांबावे लागते. हा सगळा खर्च आणि तूट धरून शेतकऱ्याच्या हाती निव्वळ ५,१०० रुपये पडतील आणि एकूण पाच आठवडे लागतील असे मानू. म्हणजे थांबण्याचा मोबदला क्विंटलमागे ९०० रुपये आहे.

या शेतकऱ्याला आज मळणीचे पैसे, कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी, किराण्याची उधारी आणि दिवाळी मिळून ३३,००० रुपये लागणार आहेत. आठ क्विंटल विकले की ३३,६०० रुपये येतात. या आठ क्विंटलांच्या विक्रीत मनाचा कोणताही दोष शोधू नये. मजुरी थकवून पुढची वेचणी होत नाही, आणि दुकानदार उधारी वसूल झाल्याशिवाय नवा माल देत नाही. ही गरज आहे.

प्रश्न उरतो तो बाकीच्या १२ क्विंटलांचा. ते थांबवले तर १०,८०० रुपये जास्त मिळतात. तेवढ्याच मालाची आजची किंमत, म्हणजे ५०,४०० रुपये, त्याने अगदी महिना तीन टक्के सावकारी दराने उचलली असती तरी पाच आठवड्यांचे व्याज १,७५० च्या आसपास झाले असते. त्यामुळे निव्वळ व्याजाच्या हिशेबाने आज विकण्याचे समर्थन होत नाही. तरीही बाराही क्विंटल त्याच काट्यावर गेले, तर कारण शोधावे लागते आणि ते एकच असेल असे नाही. केंद्रावर माल नाकारला गेला तर गाडीभाडे अंगावर पडते. चुकारा पाच आठवड्यांऐवजी तीन महिन्यांनी झाल्याचा अनुभव शेजाऱ्याला आलेला असतो. घरात पोती ठेवायला कोरडी जागा नसते. ही सारी कारणे बाहेरची आहेत, आणि त्यांना मनाचा झुकाव म्हणणे हा त्या शेतकऱ्यावर अन्याय आहे. माझ्या मते गावात दिसणाऱ्या घाईच्या विक्रीचा मोठा भाग या बाहेरच्या कारणांतच मोडतो, कारण वायदा पाळला जाईल याची खात्री नसेल तर आजचे थोडे घेणे हाच योग्य हिशेब ठरतो.

मग वर्तमानझुकाव आहे की अडचण, हे ओळखायचे कसे?

तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे आधी ठरवलेले काय होते. माणसाने दोन महिने आधी, अडचणी सगळ्या ठाऊक असताना, “निम्मा माल ठेवणार” असे ठरवले होते आणि मध्ये आजारपण, लग्न किंवा अवकाळी पाऊस असे नवे काही घडले नाही, तरीही सगळा माल गेला, तर झुकावाचा संशय घ्यायला जागा आहे. दुसरी म्हणजे पैसा कुठे गेला. तो कर्जफेडीत किंवा मजुरीत गेला असेल तर ती अडचण होती. पण महिन्याभरात ‘कुठे गेला कळलेच नाही’ अशा स्वरूपात तो किरकोळ खर्चांत विरला असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिसरी कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते: स्वतःच्या हाताला बांधून घेण्याची सोय दिली तर माणूस ती मागतो का? ज्याला फक्त अडचण आहे तो स्वतःचे पैसे अडकवून घेणार नाही. ज्याला आपल्या मनाची ओळख आहे तोच “माझे पैसे मला देऊ नका” असे म्हणेल.

संशोधकांनीही हाच धडा थोडा उशिराने घेतला. सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांत लोकांना आज इतके पैसे की महिन्याने तितके, असा प्रश्न विचारला जात असे. पण पैसा म्हणजे उपभोग नव्हे. आज मिळालेली नोट आजच खर्च होते असे नाही. शिवाय प्रयोग करणारा महिन्याने परत येईल का, ही शंका उत्तरात मिसळते. ऑगनब्लिक, नीडर्ले आणि स्प्रेंगर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच लोकांना पैशाबाबत आणि कंटाळवाण्या कामाबाबत असे दोन्ही प्रश्न दिले. पैशाच्या निवडींत झुकाव फारसा दिसला नाही, कामाच्या बाबतीत मात्र तो स्पष्ट दिसला: पुढच्या तारखेला जेवढे काम करायचे त्यांनी कबूल केले होते, ती तारीख आल्यावर तेवढे करायला ते तयार नव्हते. म्हणून झुकाव शोधायचा असेल तर भावाच्या प्रश्नापेक्षा टाळलेली कामे आणि विरलेली बचत पाहावी.

विरलेल्या बचतीचा शेतीत सर्वांत मोठा फटका कुठे बसतो?

पेरणीच्या वेळी. कार्तिकात हाती असलेला पैसा ज्येष्ठात नसतो, आणि मग बियाणे व खत कृषी केंद्रातून उधारीवर उचलावे लागते. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, ज्या कंपनीचे बियाणे दुकानदार देईल ते मुकाट्याने घ्यावे लागते, डीएपीच्या पोत्याबरोबर नको असलेले औषध गळ्यात मारले जाते, आणि माल निघाल्यावर तो त्याच माणसाला घालण्याचे बंधन अनेकदा न बोलता येऊन पडते. म्हणजे पुढच्या सुगीतली घाईची विक्री याच उधारीतून जन्म घेते. त्या विक्रीच्या दिवशी शेतकऱ्याची अडचण खरी असते. झुकाव झालेला असतो तो सात महिने आधी. एकाच दिवसाचा निर्णय पाहून निदान करू नये, असे म्हणण्याचे हे आणखी एक कारण आहे.

यावर कोणी प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला आहे का?

होय. या विषयातला सर्वांत उद्बोधक प्रयोग आपल्याकडचा नसून पश्चिम केनियातील बुसिया भागातला आहे. एस्थर डफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी तो मका पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांबरोबर केला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे मका गुडघ्याएवढा झाल्यावर प्रत्येक झाडाला अर्धा चमचा खत वरून दिले तर ते चांगलेच फायद्याचे ठरते, हे शेतकऱ्यांच्या स्वतःच्या वावरांत दाखवून झाले होते. खत किलो-अर्धा किलो असे सुटेही मिळत होते, त्यामुळे एकदम मोठी रक्कम लागते ही अडचण नव्हती. प्रात्यक्षिकात भाग घेतलेल्या जवळजवळ सर्वांनी पुढच्या हंगामात खत वापरणार असे सांगितले. प्रत्यक्षात वापरणारे एक तृतीयांशाच्या थोडे वर होते.

संशोधकांनी खताची किंमत कमी केली नाही. त्यांनी फक्त वेळ बदलली. सुगी होताच, म्हणजे घरात पैसा असतानाच, कार्यकर्ता शेतकऱ्याच्या दारात गेला आणि म्हणाला की खताचे पैसे आत्ता पूर्ण भरा, पावती घ्या, आणि तुम्ही सांगाल त्या तारखेला खत घरपोच येईल. एवढ्याने खत वापरणाऱ्यांचे प्रमाण शंभरामागे ११ ते १४ ने वाढले, म्हणजे आधीच्या प्रमाणाच्या तुलनेत ४७ ते ७० टक्क्यांची वाढ. हीच घरपोच सोय ऐन खत देण्याच्या वेळी देऊ केली तेव्हा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. त्या उशिराच्या वेळी तेवढाच परिणाम साधायला खतावर निम्मी सूट द्यावी लागली.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. काही शेतकऱ्यांना सुगीच्या आधीच विचारले गेले की कार्यकर्त्याने केव्हा यावे. जवळजवळ निम्म्यांनी सांगितले की सुगी झाल्याबरोबर या. पैसे उशिरा भरण्याचा पर्याय खुला असताना लवकर भरण्याची मागणी त्यांनी स्वतः केली. घरात ठेवलेला पैसा टिकणार नाही हे त्यांना ठाऊक होते.

सुगीत पैसे असूनही शेतकरी स्वतःहून बाजारात जाऊन खत का घेत नाही?

कारण आजचा त्रास आणि उद्याचा त्रास यांची तुलना मन सारखी करत नाही. बाजाराला जायचे म्हणजे एक दिवस मोडतो, गाडीभाडे जाते. हा त्रास लहान आहे, पण तो ‘आत्ता’च्या कप्प्यात आहे, तर पिकाचा लाभ ‘नंतर’च्या. शिवाय पुढच्या आठवड्यात गेलो तरी चालणार असते आणि पुढच्या आठवड्यात आपण नक्की जाऊ अशी खात्रीही असते. दुकानातल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीवरचा उद्या जसा कधी उजाडत नाही, तसा हा पुढचा आठवडाही येत नाही. टेड ओ’डोनोग्यू आणि मॅथ्यू रॅबिन यांनी १९९९ मध्ये दाखवले की या टाळाटाळीला मोठा झुकाव लागत नाही. थोडा झुकाव आणि ‘उद्याचा मी आजच्या माझ्यापेक्षा शिस्तीचा असेन’ हा भ्रम एकत्र आले की लहानसे काम अनिश्चित काळ लांबते. ज्याला हा भ्रम नाही तो एकतर आजच काम उरकतो किंवा कोणाकडून तरी स्वतःला बांधून घेतो. केनियातल्या कार्यकर्त्याने तो लहान त्रासच काढून टाकला होता.

विदर्भात असे करता येईल का?

काही अंशी, आणि पिकाप्रमाणे फरक करून. खताचे समजू शकते. चार एकर कपाशीला चार पोती डीएपी घ्यायचे ठरवले तर १,३५० रुपये दराने ५,४०० रुपये लागतात, आणि ते दिवाळीत भरून पावती घेणे अशक्य नाही. माल घरी आणून ठेवायचा असेल तर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि कोरड्या जागी ठेवावा, कारण युरिया दमट हवेत ओल धरतो आणि त्याची ढेकळे होतात. म्हणून आज पैसे भरून खत मे अखेरीस उचलणे जास्त सोयीचे, पण त्यासाठी पावती देणारा भरवशाचा हवा. गावची सेवा सहकारी सोसायटी किंवा शेतकरी उत्पादक कंपनी हे काम करू शकते. एकट्या दुकानदाराकडे सात महिने पैसे अडकवण्याचा सल्ला मी देणार नाही.

सोयाबीनच्या बियाण्याची गोष्ट त्याहून सोपी आहे, कारण ते घरचे राखता येते आणि राखलेले बियाणे हेच बांधून ठेवलेले पैसे असतात. एकरी ३० किलोच्या हिशेबाने तीन एकरांसाठी ९० किलो, म्हणजे क्विंटलभरही माल लागत नाही. पण सोयाबीनचे कवच नाजूक असते. मळणीयंत्राचा वेग जास्त असेल, पोत्यांची थप्पी उंच लावली असेल किंवा पोती आपटली असतील तर उगवण घटते. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत मांडून, गुंडाळी करून, ओल टिकवून ठेवावी आणि आठवड्याने मोड मोजावेत. ७० किंवा त्याहून अधिक चांगले कोंब आले तर बियाणे वापरण्याजोगे आहे. कपाशीच्या बीटी संकरित बियाण्याला हा मार्ग नाही. ते दर वर्षी विकतच घ्यावे लागते.

शेतमाल तारण कर्ज योजनेचा येथे उपयोग होतो का?

होतो, कारण ती गरज आणि झुकाव या दोन्हींना वेगवेगळे उत्तर देते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजार समित्यांमार्फत ही योजना १९९०-९१ पासून चालवते. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल समितीच्या गोदामात ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के दराने मिळते.

वरच्या उदाहरणातल्या शेतकऱ्याने सगळे २० क्विंटल तारण ठेवले आणि ४,२०० रुपयांनीच मोजले, तर मालाची किंमत ८४,००० होते आणि कर्ज ६३,००० मिळू शकते. सहा महिन्यांचे व्याज १,८९० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ९५ रुपयांच्या आत. वाहतूक आणि हमाली वेगळी. भाव तेवढा वाढला तरी नुकसान नाही, आणि ३३,००० ची आजची गरज तर भागलेली आहे. मात्र भाव वाढेलच असे नाही, पडूही शकतो. ही जोखीम योजना घेत नाही. दुसरी मर्यादा झुकावाची आहे. गरज ३३,००० ची असताना ६३,००० उचलले, तर वरचे ३०,००० संक्रांतीपर्यंत टिकतील का, हा प्रश्न जसाच्या तसा राहतो. गरजेपुरतीच उचल करावी, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

भिशी, बचत गट, सोने, शेळ्या हे त्याच प्रकारचे बंधन आहे का?

आहे, आणि लोकांनी ते अर्थशास्त्राच्या आधी शोधून काढले आहे. कापसाच्या पैशातून घेतलेली शेळी किंवा मंगळसूत्रातले चार मणी मोडायला वेळ लागतो, घरच्यांशी बोलावे लागते, थोडे नुकसानही सोसावे लागते. म्हणून तो पैसा किरकोळ खर्चात जात नाही. गटाच्या मासिक बैठकीत सगळ्यांसमोर हप्ता द्यायचा असतो, त्यामुळे न देण्याचा त्रासही आजच्याच कप्प्यात येतो.

नवा बंधनाचा पर्याय दिल्यावर काय होते, हे नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी फिलिपिन्समधील एका ग्रामीण बँकेत पाहिले. ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत असे खाते त्यांनी जुन्या खातेदारांना देऊ केले. जास्तीचे व्याज नव्हते, फक्त कुलूप होते. तरीही २८ टक्के लोकांनी ते घेतले. ज्या स्त्रियांच्या उत्तरांत निवड उलटताना दिसली होती, त्यांनी ते घेण्याचे प्रमाण अधिक होते. वर्षभरानंतर खाते देऊ केलेल्या गटाची बचत इतरांच्या तुलनेत लक्षणीय वाढलेली होती. उरलेल्या ७२ टक्क्यांनी ते नाकारले, हेही तितकेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हा झुकाव गरिबांत किंवा अशिक्षितांत जास्त असतो का?

तसे ठामपणे म्हणता येत नाही. ॲम्स्टरडॅमच्या कार्यालयांतील कर्मचाऱ्यांनी पुढच्या आठवड्यासाठी फळे निवडली आणि प्रत्यक्ष खाण्याच्या क्षणी त्यांतले अनेक जण गोड-तळलेल्या पदार्थांकडे वळले, हे १९९८ च्या एका अभ्यासात दिसले आहे. फरक झुकावाच्या किमतीत पडतो. पगारदाराचा भविष्य निर्वाह निधी त्याला न विचारता दरमहा कापला जातो, म्हणजे त्याच्यासाठी कुलूप आधीच लावलेले असते. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न दोन-तीन हप्त्यांत, एकगठ्ठा आणि रोख येते, आणि ते बारा महिने पुरवण्याची सारी जबाबदारी त्याच्या एकट्याच्या मनोनिग्रहावर येऊन पडते.

बंधन घालून घेणे कोणी टाळावे?

ज्याच्याकडे दुखण्याखुपण्यासाठी हाताशी वेगळी रक्कम नाही, त्याने सगळा पैसा अडकवू नये. कुलूपबंद खात्यात ४०,००० रुपये असताना दवाखान्यासाठी महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलावे लागले, तर बंधनाने झुकावापेक्षा जास्त नुकसान केले असे होते. म्हणून बियाणे आणि खत एवढ्याच ठरलेल्या खर्चाचे पैसे सुगीत बांधून घ्यावेत, आणि बाकीचे मोकळे राहू द्यावेत. तसेच ज्याच्या डोक्यावर आधीच चढ्या व्याजाचे कर्ज आहे, त्याने बचत बांधण्याआधी ते कर्ज कमी करावे. वर्षाला ३६ टक्के व्याज देत असताना बँकेत ठेव ठेवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.